आईच्या खांद्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन द्यावं का, आणि गुडघ्यातही?

प्रश्न: आई ५६ वर्षांची आहे, साताऱ्याला असते. अडीच महिन्यांपासून डावा खांदा दुखतोय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, आता वेणी घालायला हात मागे जात नाही. दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची सरासरी ७.८ आली. उजवा गुडघाही दोन-तीन वर्षं दुखतो. हाडांच्या डॉक्टरांनी खांद्यात कॉर्टिझोनचं इंजेक्शन सुचवलंय, ‘हवं तर गुडघ्यातही त्याच दिवशी देतो’ म्हणाले. मावशी म्हणते, एकदा घेतलं की सवय लागते आणि हाडं झिजतात. काय करावं?

उत्तर: तपासणीत हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडण्याचा आजार आहे असं नक्की झालं, तर खांद्यात इंजेक्शन घ्यावं आणि लवकर घ्यावं. गुडघ्यात सध्या घेऊ नये, आणि त्याच दिवशी तर नकोच. औषध तेच असूनही दोन सांध्यांसाठी माझं उत्तर वेगळं का, ते नीट सांगतो. ते कळलं की पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःला घेता येतील.

आधी औषधाबद्दल. मूळ कॉर्टिझोन आता सांध्यात कोणी देत नाही, नाव तेवढं टिकलं आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला ते पहिल्यांदा दिलं आणि दोनच वर्षांत त्या कामाला नोबेल मिळालं. थेट सांध्यात इंजेक्शन द्यायची पद्धत त्यानंतर लगेच, १९५१ च्या सुमारास सुरू झाली. आज आपल्याकडे बहुतेक वेळा ट्रायॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. कुपीत ते पांढरं, दुधासारखं दिसतं, कारण त्यात औषधाचे बारीक कण तरंगत असतात. हे कण सांध्यात हळूहळू विरघळतात, म्हणून एका इंजेक्शनाचा परिणाम काही आठवडे राहतो.

हे औषध वेदनाशामक नाही. ते सांध्याच्या अस्तराचा दाह दाबतं आणि दाह कमी झाला की दुखणं कमी होतं. सोबत बहुधा लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध मिसळतात. त्यामुळे इंजेक्शननंतर अर्ध्या तासात खांदा एकदम हलका वाटतो, आणि रात्री लिग्नोकेन उतरलं की दुखणं परत येतं, कधी आधीपेक्षा जास्तही. पुष्कळ पेशंट दुसऱ्या दिवशी फोन करून ‘इंजेक्शन वाया गेलं’ असं सांगतात. ते वाया गेलेलं नसतं. स्टेरॉईडचा परिणाम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो आणि पूर्ण दिसायला आठवडा लागतो. हे आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या रात्री ती घाबरणार नाही.

आता खांदा. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल आवरण असतं. ते सैल असतं म्हणूनच आपला हात वर, मागे, बाजूला सगळीकडे फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये पहिल्यांदा या आवरणाला दाह होतो, मग ते जाड होतं आणि आकसतं. दाह चालू असतो त्या काळात दुखणं भयंकर असतं, विशेषतः रात्री. पुढे दुखणं ओसरतं आणि कडकपणा उरतो. शेवटी तोही हळूहळू सुटतो, पण या सगळ्याला दीड-दोन वर्षं लागू शकतात. चाळीस ते साठ या वयात, बायकांना थोडं जास्त आणि मधुमेहींना तर कितीतरी जास्त प्रमाणात हा आजार होतो. मधुमेहींमध्ये तो जास्त दिवस राहतो आणि कडकपणाही हट्टी असतो.

स्टेरॉईड काम करतं ते दाहावर. आवरण एकदा जाड होऊन आकसलं की त्या घट्ट झालेल्या तंतूंवर त्याचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून वेळेला इतकं महत्त्व आहे. अडीच महिने झालेत, रात्री झोप मोडते, कडकपणा नुकता जाणवायला लागलाय, हे वर्णन दाहाच्या टप्प्याचं आहे, आणि इंजेक्शनाचा सगळ्यात चांगला उपयोग याच टप्प्यात होतो. आठ-दहा महिने तेल-मालिश आणि शेक करून, दुखणं बरंचसं गेल्यावर फक्त कडक खांदा घेऊन पेशंट येतो, तेव्हा इंजेक्शन देऊन मला फारसं काही मिळत नाही.

किती फायदा होईल तेही सांगतो. झालेल्या अभ्यासांत इंजेक्शन आणि व्यायाम मिळालेल्यांचं दुखणं आणि हालचाल पहिल्या दीड ते तीन महिन्यांत नुसत्या व्यायामापेक्षा स्पष्टपणे चांगली होती. वर्षभरानंतर मात्र दोन्ही गटांत फार फरक उरत नाही. मग घ्यायचं कशाला, असं कोणी विचारेल. पण हे पहिले तीन महिनेच तर सर्वात वाईट असतात. तीन महिने नीट झोप न लागलेल्या माणसाची शुगर, रक्तदाब, मनःस्थिती सगळंच बिघडतं. शिवाय जो खांदा हलवला की जीव जातो, त्याचा व्यायाम कोणी करत नाही. दुखणं उतरल्यावर ती हात हलवू लागेल, हा मला इंजेक्शनाचा खरा उपयोग वाटतो.

पण हे सगळं निदान बरोबर असेल तर. खांदा दुखतो म्हणजे फ्रोझन शोल्डर, असं नाही. घरी एक साधी तपासणी करता येते. आईला उभं करा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा, आणि कोपरं न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. उजवा सहज बाहेर जाईल. डावा अडला, तर तुम्ही स्वतः हलकेच तिचा हात बाहेर न्यायचा प्रयत्न करा. तुमच्या हातानेही तो जात नसेल, मध्येच घट्ट अडत असेल, तर आवरण आकसलंय. तिला स्वतःला जमत नाही पण तुम्ही नेला की हात सहज जातो, असं असेल तर गडबड स्नायूंच्या दोऱ्यांमध्ये असू शकते. तिथे गणित बदलतं. फाटलेल्या किंवा झिजलेल्या दोरीजवळ पुन्हापुन्हा स्टेरॉईड दिलं तर ती आणखी कमकुवत होते. ती शिवण्याचं ऑपरेशन होणार असेल, तर त्याआधीच्या महिन्यात घेतलेलं इंजेक्शन जंतुसंसर्गाचा धोका वाढवतं. अशा वेळी मी आधी सोनोग्राफी करतो आणि मग ठरवतो.

एक्स-रे काढल्याशिवाय खांद्यात सुई घालू देऊ नका. फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे बहुधा स्वच्छ असतो, आणि तो स्वच्छ आहे हे बघणं हाच त्याचा हेतू. आपल्या देशात मला त्यातून एक गोष्ट आवर्जून बाजूला काढायची असते, ती म्हणजे क्षयरोग. खांद्याचा टीबी पुष्कळदा कोरडा असतो. पू नाही, सूज नाही, फक्त दुखणं, कडकपणा आणि खांद्याचे स्नायू वाळत जाणं. मधुमेहींना तो होण्याची शक्यता जास्त आणि बाहेरून तो हुबेहूब फ्रोझन शोल्डरसारखा दिसतो. त्यात स्टेरॉईड गेलं की काही आठवडे बरं वाटतं आणि आत हाड खाल्लं जात राहतं. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं, घरात कोणाला टीबी होऊन गेलेला असणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना सांगा. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या दोन रक्ततपासण्या स्वस्त आहेत, मधुमेही पेशंटमध्ये मी त्या करूनच घेतो. डाव्या खांद्याबद्दल अजून एक. जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखणं वाढतं आणि थांबलं की कमी होतं, असं असेल तर खांदा बाजूला ठेवून आधी हृदयाची तपासणी करा.

आता गुडघ्याकडे येतो. दोन-तीन वर्षं दुखणारा, ५६ व्या वर्षाचा गुडघा बहुधा झिजेचा असतो. इथे दाह हा आजाराचा एक भाग आहे, पण मुळाशी हाडांच्या टोकांवरची गादी म्हणजे कूर्चा झिजणं, मांडीचे स्नायू कमजोर होणं आणि सांध्यावर पडणारा भार आहे. फ्रोझन शोल्डर आपल्या गतीने का होईना पण ओसरणारा आजार आहे, म्हणून त्यातले वाईट तीन महिने सुसह्य केले तरी पुष्कळ मिळालं. झीज ओसरत नाही. तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन उतरलं की गुडघा तिथेच असतो आणि पेशंट पुढचं इंजेक्शन मागतो.

याबद्दल चांगले अभ्यास झाले आहेत. सगळ्या चाचण्या एकत्र करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात गुडघ्यातल्या इंजेक्शनाचा फायदा एक ते सहा आठवड्यांपुरता दिसला, सहा महिन्यांनी काहीच उरला नाही. २०१७ साली अमेरिकेत १४० पेशंटवर झालेली चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. अर्ध्या लोकांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ४० मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन दिलं, बाकीच्यांना मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, पण स्टेरॉईड घेतलेल्यांचा कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर झिजला होता, दुसऱ्या गटाचा ०.१०. आकडा लहान आहे, आणि त्याचा अर्थ एका इंजेक्शनाने गुडघा खराब होतो असा नाही. पण दर तीन महिन्यांनी ‘नेहमीचं’ म्हणून घेत राहण्याला मी या चाचणीनंतर ठाम नकार देऊ लागलो. २०२० साली १५६ पेशंटवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत एका गटाला इंजेक्शन आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी दिली. वर्षभरानंतर फिजिओथेरपीवाल्यांचं दुखणं कमी होतं आणि हालचालही जास्त चांगली होती.

तरीही गुडघ्यात मी कधीच देत नाही असं नाही. झिजलेला गुडघा अचानक भडकला, पाण्याने टम्म सुजला, गरम लागतोय, तर ते पाणी काढून, बघून, तपासून मग एक इंजेक्शन देण्यात अर्थ असतो. अशा गुडघ्यात दाह जास्त म्हणून परिणामही चांगला मिळतो. संधिवाताच्या किंवा गाउटच्या सुजेतही ते उत्तम काम करतं. पण काढलेलं पाणी गढूळ दिसलं तर त्या दिवशी स्टेरॉईड द्यायचं नाही, आधी प्रयोगशाळेचा रिपोर्ट. आषाढीच्या आधी ‘वारीला चालत जायचंय, एक इंजेक्शन मारून द्या’ म्हणून माणसं येतात. त्यांची ओढ मला समजते, पण दुखणं दाबून झिजलेला गुडघा दोन-अडीच आठवडे रोज चालवणं मला पटत नाही. त्यांना मी काही टप्पे गाडीने जायला सांगतो. आणि ज्यांचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ठरत आलंय त्यांनी त्याआधीच्या तीन महिन्यांत गुडघ्यात इंजेक्शन घेऊच नये. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो.

आईच्या बाबतीत सगळ्यात खात्रीने होणारा त्रास म्हणजे शुगर वाढणं. सांध्यात दिलेलं औषध सगळं सांध्यात राहत नाही, बरंचसं रक्तात उतरतं. ४० मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं औषध. खांदा आणि गुडघा एकाच दिवशी केला तर ते १०० मिलिग्रॅम होतं. दहा वर्षांच्या मधुमेहाला हा धक्का विनाकारण कशाला द्यायचा? त्याच दिवशी नको म्हणतो ते यासाठी.

शुगर इंजेक्शननंतर काही तासांतच चढायला लागते, पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असते आणि बहुतेकांची पाच-सात दिवसांत पूर्वपदावर येते. आधी १५०-१८० असणाऱ्या माणसाची २८०-३०० पर्यंत गेलेली मी पाहिली आहे. एका इंजेक्शनाने तीन महिन्यांची सरासरी फारशी हलत नाही. आईची ७.८ आहे, तेवढ्यावर मी इंजेक्शन देतो. साडेनऊ-दहा असती तर आधी ती खाली आणायला सांगितलं असतं. डोसबद्दलही डॉक्टरांशी बोला. फ्रोझन शोल्डरमध्ये २० आणि ४० मिलिग्रॅमची तुलना झाली आहे आणि परिणामात म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. म्हणून मधुमेही पेशंटला मी बहुधा २० च देतो.

तिच्यासाठी मी आखली असती ती योजना अशी. इंजेक्शनाचा दिवस सोमवार किंवा मंगळवार निवडा, म्हणजे शुगर चढण्याचे दिवस कामाच्या दिवसांत येतील आणि डॉक्टर भेटतील. सणासुदीचा, लग्नाचा आठवडा टाळा. घरात शुगर तपासायचं यंत्र नसेल तर आणा आणि आधीचे दोन दिवस नोंद ठेवा, तिची नेहमीची पातळी किती ते कळेल. इंजेक्शनाच्या दिवशी संध्याकाळपासून पुढे सहा-सात दिवस रोज तीनदा तपासा: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी. फक्त सकाळची बघू नका. स्टेरॉईडने चढलेली शुगर दुपारनंतर जास्त दिसते, आणि सकाळचा आकडा ठीक म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

तिचे शुगरचे डॉक्टर वेगळे असतील तर त्यांना आधी कळवा आणि आकडा कितीवर गेला तर काय करायचं ते लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी वाढवू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी स्टेरॉईडचा जोर उतरतो आणि वाढवलेली गोळी चालूच राहिली तर शुगर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. सलग दोनदा ३०० च्या वर आली, खूप तहान-लघवी, उलट्या किंवा ग्लानी वाटली, तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरा धोका सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा. तो फार क्वचित होतो, हजारो इंजेक्शनांत एखाद्याला, पण झाला तर सांधा जाऊ शकतो, म्हणून ओळखता आला पाहिजे. गोंधळ होतो तो औषधाच्या कणांमुळे येणाऱ्या तात्पुरत्या चिडीशी. ही चीड थोड्याच लोकांना येते, पहिल्या २४ तासांत सुरू होते, सांधा ठणकतो आणि दोन-तीन दिवसांत आपोआप शांत होतो. बर्फाचा शेक आणि पॅरासिटामॉल पुरतं. जंतुसंसर्ग बहुधा दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा डोकं वर काढतो आणि दिवसेंदिवस वाढत जातो. सूज, गरमपणा, ताप, हात जराही हलवू न देणं. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय असं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेहात आणि स्टेरॉईडच्या प्रभावाखाली ताप चढेलच असं नाही, तेव्हा तापाची वाट बघू नका. घरातली अँटिबायोटिकही सुरू करू नका. सांध्यातलं पाणी काढून तपासायच्या आधी ती पोटात गेली तर जंतू सापडत नाहीत.

बाकीचे त्रास लहान आहेत. एक-दोन दिवस चेहरा लाल, गरम होतो. सुईच्या जागी त्वचा पांढुरकी पडू शकते किंवा खालची चरबी विरून खळगा दिसतो. सावळ्या त्वचेवर तो डाग उठून दिसतो आणि जायला महिने लागतात. औषध खोल सांध्यात गेलं तर ही शक्यता कमी असते. पाळी चालू असलेल्या बायकांना एखादा महिना रक्तस्राव अनियमित होऊ शकतो. आईला पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल आणि तरी रक्तस्राव झाला, तर तो इंजेक्शनावर न ढकलता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

मावशींच्या म्हणण्याबद्दल. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. महिनोन्‌महिने स्टेरॉईडच्या गोळ्या खाऊन हाडं ठिसूळ झालेली, खुब्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईतही खुब्याचे असे पेशंट आढळले. रोज घेतलेल्या गोळ्यांनी शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी करतं, म्हणून त्या अचानक बंद करता येत नाहीत, आणि ‘सवय’ म्हणतात ती हीच. खांद्यात एकदा दिलेल्या इंजेक्शनाने असं होत नाही. शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड दोन-चार आठवडे थोडं दबतं, मग परत येतं. त्या काळात कुठलं ऑपरेशन किंवा मोठं आजारपण आलं तर डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल सांगा, एवढी काळजी पुरे.

मात्र एक गोष्ट आईला एकटीला, प्रेमाने विचारा: सांधेदुखीसाठी ती कुठून पुड्या किंवा बिननावाच्या गोळ्या घेते का? पुष्कळ पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असतं. ‘दोन दिवसांत गुण येतो’ आणि ‘बंद केलं की दुप्पट दुखतं’ असं ज्या पुडीबद्दल सांगतात तिचा मला संशय येतो. ती घेत असेल तर वर लिहिलेला सगळा हिशोब बदलतो, आणि पुडी एकदम बंदही करायची नाही. डॉक्टरांना दाखवून बंद करायची. बाकी औषधांची यादीही घेऊन जा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर इंजेक्शन बहुधा देता येतं, पण माहीत हवं. एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर, विशेषतः रिटोनाविरबरोबर, ट्रायॅमसिनोलोन शरीरात साठून राहतं आणि गंभीर त्रास होतो, तिथे ते टाळतात.

प्रत्यक्ष इंजेक्शन पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पेशंटला बसवून, त्वचा जंतुनाशकाने नीट पुसून, खांद्याच्या मागच्या बाजूने सुई घालतात. खांद्याच्या हाडाचा मागचा कोपरा बोटाने चाचपायचा, त्याच्या साधारण दोन सेंटिमीटर खाली आणि एक सेंटिमीटर आत सुईची जागा येते. आवरण आकसलेलं असल्याने आत जागा कमी असते आणि अनुभवी हातही कधी चुकतो, म्हणून सोनोग्राफीत बघत दिलेलं इंजेक्शन जास्त अचूक जातं. सोय असेल तर तसं घ्या, नसेल तर तेवढ्यासाठी महिनाभर थांबू नका. औषधाची कुपी नवी, समोर फोडलेली असावी, असा आग्रह धरायला संकोचू नका. आणि घरी येताना औषधाचं नाव, डोस, जागा आणि तारीख कागदावर लिहून आणा. पुढच्या डॉक्टरला ‘एक पांढरं इंजेक्शन दिलं होतं’ यातून काहीही कळत नाही.

पहिले दोन दिवस हाताला हलकं काम. बादली, कुकर, कणीक मळणं नको, पण हात झोळीत बांधूनही ठेवायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून व्यायाम. पुढे वाकून हात सैल सोडून लंबकासारखा हलवणं, भिंतीवर बोटांनी वर चढणं, दोन्ही हातांत काठी धरून उजव्या हाताने डावा हात बाहेर ढकलणं, पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढणं. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं, गरम शेकानंतर. ताण जाणवला पाहिजे, पण व्यायामाचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं पाहिजे. रात्री ठणकायला लागलं तर जोर जास्त झाला. फिजिओथेरपिस्टने हात जोरजोरात पिळून ‘मोकळा’ केला तर या टप्प्यात दाह वाढतो, तसं करू देऊ नका.

सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. तोवर रात्रीची झोप परत आलेली असावी आणि हात थोडा जास्त फिरत असावा. तसं झालं असेल तर व्यायाम चालू ठेवा, दुसरं इंजेक्शन नको. अर्धवट फरक असेल तर एकदा पुन्हा देता येतं, पण मधुमेहीला मी शक्यतो तीन महिन्यांचं अंतर ठेवतो आणि त्याच खांद्यात तिसरं देण्याआधी निदानच पुन्हा तपासतो. सहा-आठ महिने नीट व्यायाम करूनही खांदा घट्टच राहिला, तर सांध्यात पाणी भरून आवरण ताणणं किंवा दुर्बिणीतून ते सोडवणं हे पर्याय आहेत. बहुतेकांवर तिथपर्यंत जायची वेळ येत नाही.

आणि त्या काळात गुडघ्याचं काय, तर तो खांद्याला जोडलेलाच आहे. उजवा गुडघा दुखतो तेव्हा काठी डाव्या हातात धरायची असते, आणि आईचा नेमका तोच खांदा धरलाय. जमिनीवरून, कमोडवरून उठताना हात टेकायलाही खांदा लागतो. म्हणून खांदा आधी बरा करणं गुडघ्याच्याही हिताचं आहे. तोवर खुर्चीत बसून पाय सरळ उचलून दहा आकडे धरून ठेवण्याचा मांडीचा व्यायाम, दिवसातून तीनदा डायक्लोफेनॅकचं मलम, खाली बसणं बंद, वजन जास्त असेल तर चार-पाच किलो कमी. पोटातून घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र तिने क्रिएटिनिन तपासल्याशिवाय घेऊ नयेत. दहा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडाला त्या महाग पडतात.

सहा-आठ आठवड्यांनी गुडघा तसाच दुखत असेल आणि त्यात सूज असेल, तर तेव्हा एका इंजेक्शनाचा विचार करता येईल. त्या भेटीला खांद्याच्या वेळची शुगरची वही बरोबर न्या. तिची शुगर किती चढली आणि कितव्या दिवशी उतरली ते त्यात लिहिलेलं असेल, आणि गुडघ्यात द्यायचं की नाही, दिलं तर किती, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येईल.